पेनड्राइव्हवरचा पेढा

यंदाचा विषय ‘दुकान आणि पाटी’ असा ठरल्याचं संपादकांनी कळवलं. लाकडी, पत्र्याच्या, फ्लेक्सच्या पाट्यांवर लिहिणारे पुष्कळ निघतील असं वाटलं, म्हणून मी टीव्ही बघायला निघालो. गेल्या काही वर्षांत दुकानादुकानांत छताला टेकून बसलेले, बातम्या किंवा मालिका न दाखवता माल दाखवणारे टीव्ही. मागे एक पेनड्राइव्ह खोचलेला असतो आणि त्यातले फोटो-व्हिडिओ सकाळपासून रात्रीपर्यंत फिरत राहतात. निदान तसं व्हावं अशी अपेक्षा असते.

साताऱ्यात राजवाड्याकडून पोवई नाक्यापर्यंत रमतगमत चालत गेलं की या अपेक्षेचं काय होतं ते कळतं. साड्यांच्या एका दुकानात पैठण्या छान उलगडत होत्या. चष्म्याच्या दुकानात पडद्यावर फक्त फाइलींची यादी होती आणि पहिल्या नावावर निळी पट्टी थांबलेली. मोबाइलच्या दुकानात ‘No Signal’चा चौकोन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात उड्या मारत होता. आणि एका बेकरीत पाव-खारीच्या डोक्यावर रंगीबेरंगी पोपट उडत होते. ते पोपट बेकरीचे नव्हते, टीव्हीच्या कंपनीचे होते. त्याची गंमत पुढे सांगतो.

एवढं बघितल्यावर एक गोष्ट लक्षात आली. टीव्ही घडवलाय तो घरासाठी. समोर कोणीतरी बसलेलं आहे, त्याच्या हातात रिमोट आहे, आणि थोड्या थोड्या वेळानं तो काहीतरी दाबणार आहे, हे त्या यंत्रानं गृहीत धरलेलं असतं. म्हणून ते सारखं विचारत राहतं: हे उघडू का? पुढचं लावू का? तुम्ही अजून बघताय ना? दुकानात या प्रश्नांना उत्तर द्यायला कोणी रिकामं नसतं. पेनड्राइव्हवर जाहिरात चालवायची म्हणजे टीव्हीला प्रश्न विचारायची एकही संधी मिळू द्यायची नाही. बाकी सगळी त्याची कलाकुसर.

फोटो वेगळे, व्हिडिओ वेगळे

मोती चौकाच्या परिसरात कंदी पेढ्यांची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात गल्ल्याच्या मागे त्रेचाळीस इंची टीव्ही नुकताच लागला होता. दुकानाचे मालक साठीच्या पुढचे; त्यांना सगळे काका म्हणतात. टीव्हीचा कारभार त्यांच्या सूनबाईंकडे. पेनड्राइव्हवर त्यांनी चाळीसेक फोटो आणि पाच-सहा व्हिडिओ हौसेनं भरले होते. कढईत आटणारा खवा, हातावर वळले जाणारे पेढे, दिवाळीच्या फराळाचे डबे.

“सर, फोटो लावले की व्हिडिओ लागत नाहीत आणि व्हिडिओ लावले की फोटो लागत नाहीत,” त्या म्हणाल्या. “आणि व्हिडिओ संपला की बंदच पडतंय.”

बहुतेक घरगुती टीव्हींचं असंच असतं. पेनड्राइव्ह लावला की आत फोटोंचा कप्पा वेगळा आणि व्हिडिओंचा वेगळा. फोटोंच्या कप्प्यात स्लाइड शो चालतो, पण व्हिडिओ त्याच्या हिशेबातच नसतो. व्हिडिओच्या कप्प्यात Repeat नावाची सोय असते, पण ती शोधावी लागते, आणि काही टीव्ही बंद करून चालू केल्यावर ती विसरूनही जातात. Repeat लागली तरी एक फाइल संपून दुसरी सुरू होताना पडदा क्षण-दोन क्षण काळा होतो, गोल चक्र फिरतं आणि वर फाइलीचं नाव झळकतं. घरी त्याचं काही वाटत नाही. दुकानात दर वीस सेकंदांनी ‘VID-WA0017’ झळकायला लागलं की पेढ्याची सगळी ऐट जाते.

क्रमाचाही घोळ होताच. सूनबाईंनी फाइलींना १, २, ३ अशी नावं दिली होती, टीव्ही मात्र एकनंतर थेट दहावर जात होता. टीव्ही आकडा वाचत नाही, अक्षरं लावतो. त्याच्या लेखी ‘10’ हा ‘2’च्या आधी येतो. ‘001’, ‘002’ अशी नावं दिली की हे सुटतं. काही टीव्ही तर नाव बघतच नाहीत, फाइली ज्या क्रमानं पेनड्राइव्हवर उतरल्या त्याच क्रमानं दाखवतात. तिथे सगळं पुसून एकेक फाइल हवी त्या क्रमानं पुन्हा उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. नावं इंग्रजीतच द्यावीत, कारण देवनागरी नावाच्या जागी नुसते चौकोन दाखवणारे टीव्ही अजून पुष्कळ आहेत.

या सगळ्यावर जाणकारांचा उतारा एकच: फोटो नाहीत, व्हिडिओ नाहीत, सगळ्याची मिळून एकच फिल्म करायची. मग कप्पे उरत नाहीत, क्रम उरत नाही, मधली काळी फट उरत नाही. काकांच्या ओळखीचे एक जण लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करतात. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. लग्नसराई नसताना दुकानांच्या अशा फिल्म करून देणं हा त्यांचा जोडधंदा झालाय. पेढ्याची फिल्म होताना मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.

दीड मिनिट

भाऊंनी पहिला प्रश्न पेढ्याचा नाही, रांगेचा विचारला. “गिऱ्हाईक किती वेळ उभं असतंय?” काका म्हणाले, दोन-तीन मिनिटं, दिवाळीत जास्त. भाऊंनी फेरी दीड मिनिटाची ठरवली. उभ्या असलेल्या माणसाला सगळं एकदा तरी दिसलं पाहिजे. साडीच्या दुकानात बायका तासभर बसतात, तिथे दहा मिनिटांची फेरी चालते. पेढ्याच्या दुकानात दहा मिनिटांची फिल्म केली तर निम्मा माल कुणालाच दिसायचा नाही. चाळीस फोटोंतले त्यांनी आठ ठेवले. सूनबाईंचा चेहरा पडला, पण हिशेब साधा होता: एका फोटोला सहा-सात सेकंद दिले की आठ फोटोंत पाऊण-एक मिनिट जातं, उरलेला वेळ खव्याच्या कढईला.

मग माल तपासणं सुरू झालं. निम्मे फोटो व्हॉट्सॅपवरून आलेले. तिथे फोटो पाठवताना त्याचा आकार आणि तपशील कमी होतो. मोबाइलवर ते चालून जातं, त्रेचाळीस इंचांवर पेढ्याचा रवाळपणा जाऊन गुळगुळीत पिवळा गोळा दिसतो. तेच फोटो ‘Document’ म्हणून पाठवले की मूळ रूपात येतात. ज्यांच्या फोनमध्ये फोटो HEIC या प्रकारात साठतात, त्यांचे फोटो पुष्कळ टीव्ही उघडतच नाहीत. एक गोष्ट मात्र मला नवीन होती. फराळाच्या डब्यांचं डिझाइन फ्लेक्स छापणाऱ्यानं दिलं होतं. फाइल JPG, कॉम्प्युटरवर व्यवस्थित उघडत होती, पण टीव्हीवर ‘Unsupported file’. छपाईच्या फाइलीत रंग चार शाईंच्या हिशेबात साठवलेले असतात, ज्याला छपाईवाले सीएमवायके म्हणतात. टीव्हीला लाल-हिरवा-निळा एवढीच भाषा येते. भाऊंनी ती फाइल आरजीबीत बदलली. शाईत भडक दिसावा म्हणून दिलेला केशरी रंग पडद्यावर डोळ्यात घुसायला लागला, तोही थोडा उतरवला.

पुढचा पेच उभ्या व्हिडिओंचा. मोबाइल उभा धरून शूटिंग करायची सवय सगळ्यांनाच लागलीय, टीव्ही मात्र आडवा. उभा व्हिडिओ तसाच लावला तर मध्ये चिंचोळी पट्टी आणि दोन्हीकडे काळोख. कडा भरून काढायला तोच व्हिडिओ मोठा आणि धूसर करून मागे लावायची पद्धत आहे. भाऊंना ती आवडत नाही, मलाही नाही. त्यांनी तीन उभे व्हिडिओ शेजारीशेजारी लावले. पडद्याची रुंदी १९२० ठिपके आणि उंची १०८०. त्या उंचीचा मोबाइलचा उभा व्हिडिओ साधारण ६०७ ठिपके रुंद होतो. तीन बसले की शंभरेक ठिपके उरतात, ते मधल्या रेघांना पुरतात. डावीकडे खवा आटतोय, मध्ये पेढा वळला जातोय, उजवीकडे डबा भरला जातोय. तीन वेगवेगळ्या दिवशी सहज काढलेले तुकडे, पण एकत्र बघताना मुद्दाम तसंच शूटिंग केल्यासारखं वाटलं.

अक्षरांच्या बाबतीत भाऊ कडक. त्रेचाळीस इंची टीव्हीचा पडदा उंचीला साधारण साडेत्रेपन्न सेंटीमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरला वीसेक ठिपके. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर इंचभर तरी हवं, असा पाट्या रंगवणाऱ्यांचा अंदाज. पण देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. त्या सगळ्यांना जागा देताना मधलं अक्षर बारीक होतं. म्हणून ते मात्रा-उकारांसकट ओळीला शंभर ठिपक्यांहून कमी उंची देत नाहीत, आणि एका चित्रावर चार-पाच शब्दांहून जास्त मजकूर घेत नाहीत. सूनबाईंनी लिहून आणलेला ‘शुद्ध म्हशीच्या दुधापासून पारंपरिक पद्धतीने बनवलेले’ वगैरे मजकूर त्यांनी बाजूला ठेवला आणि ‘आज सकाळचा खवा’ एवढंच ठेवलं. काकांना ते पटलं. “खोटं ठरलं तर मात्र पुसावं लागंल,” ते म्हणाले.

मजकूर कडेला चिकटवायचा नाही हाही त्यांचा नियम. बरेच टीव्ही चित्र किंचित फुगवून दाखवतात, त्यात चारही कडा कापल्या जातात. ‘₹’चं चिन्ह आणि शेवटचं शून्य गेलं तर भांडण दुकानदाराच्या गळ्यात. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये फुगवटा बंद करता येतो, पण फिल्म करणाऱ्यानं कडेची पाच टक्के जागा मोकळी सोडलेली बरी. दुकानाचं बोधचिन्हही त्यांनी कोपऱ्यात कायमचं ठेवलं नाही. दिवसाचे चौदा तास एकाच जागी उजळ आकृती राहिली तर साध्या एलईडी टीव्हीवर तिची पुसट छाया काही काळ राहू शकते, आणि ओलेड पडद्यावर ती कायमची उमटू शकते. नाव शेवटी पूर्ण पडद्यावर पाच सेकंद येतं आणि जातं.

तासाभराची फाइल

दीड मिनिटाची फिल्म झाली. ती Repeatवर लावली तर दर दीड मिनिटाला ती काळी फट येणारच. म्हणून भाऊंनी तीच फिल्म चाळीस वेळा एकापुढे एक जोडून तासाभराची एक फाइल केली. त्यासाठी त्यांच्याकडे एका ओळीचा नुस्खा आहे. ffmpeg हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर असला की पुरे:

```
ffmpeg -stream_loop 39 -i pedha.mp4 -c copy -an pedha_1h.mp4
```

मूळ फिल्म एकदा आणि वर एकोणचाळीस वेळा, अशा चाळीस. ‘-c copy’मुळे चित्र पुन्हा घडवलं जात नाही, नुसतं जोडलं जातं, त्यामुळे काम पटकन होतं आणि दर्जा तसाच राहतो. ‘-an’ म्हणजे आवाज काढून टाक. आवाज त्यांनी मुद्दाम काढला. गल्ल्यावर आधीच बोलण्याचा कल्ला असतो, आणि फिल्मी गाणं लावलं तर दुकानात गाणी वाजवण्याच्या परवान्याचा प्रश्न येतो.

तासाभराचीच का, दिवसभराची का नाही? इथे पेनड्राइव्ह आडवा येतो. बहुतेक सगळे टीव्ही वाचू शकतात अशी पेनड्राइव्हची मांडणी म्हणजे FAT32. ती जुनी आहे आणि एका फाइलीचा आकार चार जीबीच्या पुढे जाऊ देत नाही. पेनड्राइव्ह चौसष्ट जीबीचा असला तरी एका फाइलीला मर्यादा तीच. भाऊंची फिल्म सेकंदाला पाच मेगाबिट या हिशेबानं बनलेली, म्हणजे मिनिटाला साधारण साडेसदतीस एमबी, तासाला सव्वादोन जीबी. दोन तासांची केली तर साडेचार होते आणि कॉपी करताना कॉम्प्युटर ‘फाइल मोठी आहे’ म्हणून अडवतो. तेव्हा पेनड्राइव्हवर जागा रिकामी दिसते आणि माणूस चक्रावतो. exFAT या नव्या मांडणीत ही मर्यादा नाही, पण ती प्रत्येक टीव्हीला कळेलच असं नाही. तासाची फाइल केली की दुकान उघडं असलेल्या चौदा तासांत काळी फट तेरा-चौदा वेळाच येते. ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

फिल्मचा प्रकार मात्र जुनाच ठेवायचा: MP4 फाइल, आतलं चित्र H.264 पद्धतीचं, १९२० बाय १०८०. नवे फोन याहून नव्या पद्धतीनं शूटिंग करतात, ते काही टीव्ही अडखळत चालवतात, तर काही नुसता आवाज देऊन पडदा काळा ठेवतात. पडदा काळा आणि आवाज चालू असं दिसलं की दोष बहुधा चित्राच्या पद्धतीत, पेनड्राइव्हमध्ये नाही. आणि कॉपी ॲपलच्या कॉम्प्युटरवरून केली असेल तर प्रत्येक फाइलीमागे ‘._’नं सुरू होणारी एक पिल्लू-फाइल आपोआप तयार होते. कॉम्प्युटरवर ती लपलेली असते, टीव्हीवर मात्र दिसते आणि चालत नाही. ती पुसून टाकायची.

लाइट गेली की

फिल्म झकास चालली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर पडदा बंद. चार तास रिमोटला कोणी हात लावला नाही म्हणून टीव्ही आपणहून झोपी गेला होता. वीज वाचवण्यासाठी कारखान्यातूनच Auto Power Off लावून दिलेलं असतं. ते सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं. अँड्रॉइड टीव्हीत स्क्रीन सेव्हर आणि झोपेच्या वेळा वेगवेगळ्या ठिकाणी असतात, त्या दोन्ही बघाव्या लागतात.

बेकरीतल्या पोपटांची गंमत याच सेटिंगमध्ये लपलेली होती. नवा टीव्ही पहिल्यांदा चालू केला की तो विचारतो: घर की स्टोअर? बेकरीवाल्यांनी प्रामाणिकपणे स्टोअर निवडलं. दुकानच तर आहे. पण त्या स्टोअरचा अर्थ टीव्ही विकणारं दुकान. तिथे टीव्ही कंपनीची जाहिरात आपोआप चालते, रंग भडक राहतात आणि आपण केलेले बदल थोड्या वेळानं पुसले जातात. दुकानात असला तरी टीव्हीला घरच सांगायचं.

खरी परीक्षा लाइट गेल्यावर. ती परत आली की पुष्कळ टीव्ही लाल दिवा लावून स्वस्थ बसतात. काही चालू होतात, पण मुख्य पानावर येऊन थांबतात. मग पेनड्राइव्ह उघडा, कप्पा निवडा, फाइल निवडा, Repeat लावा. दुकानात गर्दी असताना हे कोण करणार? काकांच्या दुकानात ते काम एका नव्या पोराकडे दिलं होतं. एकदा लाइट आल्यावर पडद्यावर पेनड्राइव्ह ‘device storage’ म्हणून वापरायचा का असा प्रश्न आला, आणि त्यानं होय म्हटलं. टीव्हीनं पेनड्राइव्ह पुसून आपल्या पद्धतीनं मांडून घेतला. फिल्म गेली. बरं झालं, मूळ फाइल भाऊंकडे होती.

यावर उपाय आहे, आणि तो टीव्हीत नाही. काडेपेटीहून थोड्या मोठ्या आकाराचे मीडिया प्लेअर मिळतात. पेनड्राइव्ह त्यात खोचायचा आणि तो एचडीएमआय वायरीनं टीव्हीला जोडायचा. जाहिरातीसाठी बनवलेल्या अशा डब्याला वीज मिळाली की पेनड्राइव्हवर जे आहे ते विचारपूस न करता आपोआप फिरायला लागतं. टीव्ही पेनड्राइव्हचा कप्पा विसरतो, पण शेवटी कोणत्या एचडीएमआयवर होता हे बहुधा लक्षात ठेवतो. मग पोराला रिमोटचं एकच बटण दाबावं लागतं. विकत घेतानाच ‘ऑटो प्ले’ आणि ‘रिपीट’ दोन्ही आहेत का, हे दुकानात लावून, बटण बंद-चालू करून बघावं. खोक्यावरच्या मजकुरावर जाऊ नये. जाहिरातीसाठीच बनवलेले व्यावसायिक पडदेही असतात. ते ही कामं स्वतः करतात, दिवसाचे सोळा किंवा चोवीस तास चालतील असे बनवलेले असतात आणि जास्त उजळ असतात. पण महाग पडतात. घरगुती टीव्हीच्या वॉरंटीच्या कागदावर मात्र व्यावसायिक वापराबद्दल काय लिहिलंय ते दुकानदारानं आधी वाचलेलं बरं.

काकांनी असा डबा घेतला आणि आणखी एक काम केलं, टीव्ही इन्व्हर्टरवर घेतला. एवढ्या टीव्हीला शंभरेक वॅट पुरतात. तरीही लाइट गेल्या क्षणी टीव्ही एकदा मिटून उघडायचा, कारण साधा इन्व्हर्टर बदल करताना किंचित वेळ घेतो. इलेक्ट्रिशियननं मागचं छोटं बटण यूपीएसच्या बाजूला सरकवलं आणि ते थांबलं. पेनड्राइव्ह आधी टीव्हीच्या बाजूनं बोटभर बाहेर आलेला असायचा आणि झाडू लागून हलायचा. डब्यात गेल्यावर तोही प्रश्न मिटला. रस्त्याकडे तोंड करून दुसरा टीव्ही लावायचा बेत मात्र काकांनी सोडला. दुपारच्या उन्हात घरगुती टीव्हीवर समोरच्या रिक्षाचं प्रतिबिंब तेवढं दिसतं. शिवाय बाहेरच्या जाहिरातीसाठी नगरपालिकेकडे परवान्याची विचारपूस आलीच.

भाव

एकाच फिल्मचा हा उपाय मला जितका आवडला तितकीच त्याची एक खोट डोळ्यांत येत राहिली. तासाभराच्या फाइलीत भाव छापला की तो चाळीस ठिकाणी छापला जातो. दिवाळीच्या तोंडावर खवा महागला, आणि सकाळी भाव बदलायचा तर भाऊंना फोन करा, ते लग्नात असतील तर रात्रीपर्यंत थांबा. तोवर वर टीव्हीवर एक भाव आणि खाली गल्ल्यावर दुसरा. काकांनी पहिल्या आठवड्यातच एका गिऱ्हाइकाला टीव्हीवरच्या भावानं दोन किलो पेढे दिले. “पाटी आमची, मग भाव पण आमचाच की,” ते म्हणाले, पण हसले नाहीत.

भाऊंनी दोन मार्ग सुचवले. एक, दीड मिनिटाच्या मूळ फिल्ममध्ये भावाचं चित्र शेवटी ठेवायचं आणि त्या चित्राची कोरी प्रत सूनबाईंच्या फोनवर द्यायची. त्या आकडा बदलतील, भाऊ ते चित्र बसवून तीच एक ओळ पुन्हा चालवतील. दहा मिनिटांचं काम. दुसरा मार्ग, टीव्हीवर भावच नको. सूनबाईंनी दुसरा निवडला. सराफाचं वेगळं, त्याचा भाव रोज बदलतो आणि तोच बघायला लोक येतात. त्याला पेनड्राइव्ह उपयोगाचा नाही, त्याला फोनवरून बदलता येणारी, इंटरनेटला जोडलेली सोय हवी. पेढ्याचा भाव महिन्या-दोन महिन्यांनी हलतो, आणि त्यासाठी काउंटरवर खडूची पाटी आहेच. टीव्हीनं फक्त खवा दाखवायचा.

भाव गेला तरी तारीख राहतेच. संक्रांतीपर्यंत ‘शुभ दीपावली’ म्हणणारे टीव्ही मी बघितलेत. जुनी फाइल पुसलेली नसते आणि डबा दोन्ही आलटून-पालटून दाखवतो. म्हणून भाऊंनी या वेळी दोन फिल्म एकदमच करून दिल्या, एक शुभेच्छांची, एक बिनशुभेच्छांची, दोन वेगळ्या पेनड्राइव्हांवर. प्रत्येकावर एकच फाइल, दुसरं काही नाही. सूनबाईंनी दुसऱ्या पेनड्राइव्हला चिकटपट्टी लावून त्यावर पेननं ‘तुळशीच्या लग्नानंतर’ असं लिहिलं आणि तो गल्ल्याच्या खणात चिल्लरीच्या डब्यात टाकला.